पाठीवरची थाप, फळीवरचा पाय

मुश्ताक मुकादम सरांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. तालुक्याच्या स्पर्धेत आयोजकांनी मोजपट्टी पसरली, की सर आपल्या पिशवीतली टेप काढून तिच्याशेजारी धरत आणि दोन्ही सारख्या निघाल्या तरी भुवया खाली आणत नसत. वीर स्टेशनवर गाडी वेळेवर असल्याचं जाहीर झालं, तरी फलाटाच्या कडेला जाऊन रुळांकडे वाकून बघत. घरी नसीबाभाभी म्हणत, "निकाहाच्या वेळी मी तीनदा कबूल म्हटलं. हे काझीसाहेबांना म्हणाले असतील, अजून एकदा विचारून बघा."

महाडच्या एका हायस्कुलात सर खेळाचे शिक्षक होते. गाव मूळचं सव. मुलांचे पाय आखडले, की त्यांना रविवारी सवच्या गरम कुंडावर घेऊन जात आणि काठावर उभे राहून कोण नुसता डुंबतो आहे आणि कोण खरंच पाय शेकतो आहे, यावर नजर ठेवत. मुलं त्यांना भीत, पण सोडून जात नसत. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून खाली येणारी मुलं सरांनी एसटीमागे धावताना हेरलेली असायची. "ही पोरगी बस पकडते कशी ते बघा," असं म्हणत ते तिच्या घरी जाऊन थडकत आणि आईबापांशी बोलून तिला मैदानावर आणत.

त्यांची एकच गोष्ट साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. ती म्हणजे त्यांची थाप. स्पर्धेत धावायला, उडी मारायला, गोळा फेकायला जाण्याआधी मूल सरांपुढे येऊन पाठ करून उभं राही. सर उजव्या पंजाने खांद्यांच्या मधोमध अशी थाप मारत, की मूल दोन पावलं पुढे जाई. मग म्हणत, "जा, फाड!" बाकीची मुलं टाळ्या पिटत, ओरडत. सरांच्या स्वतःच्या गुरुजींनी त्यांना अशीच थाप मारली होती. थाप न घेता कोणी मैदानात उतरलं, तर इतर मुलंच त्याला ओढून परत आणत.

त्या वर्षी सरांच्या निवृत्तीला दोनच हंगाम उरले होते, आणि हातात श्रुतिका होती.

श्रुतिका दहावीत. लांब उडीत तिच्यासारखी मुलगी सरांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सरावात ती वाळूत अशी जाऊन पडे, की सर मोजायच्या आधी एकदा टेपकडे आणि एकदा तिच्याकडे संशयाने बघत. पण स्पर्धेत तिचा पाय फळीच्या पुढे पडे. फळीपुढे ओल्या मातीचा जो पातळ थर सारवतात, त्यात तिच्या चवड्याचा ठसा उमटे आणि लाल झेंडा वर जाई. मागच्या वर्षी जिल्ह्याला तिन्ही उड्या तशाच बाद झाल्या. सरांनी तिची धाव सुरू करायची खूण मागे नेऊन पाहिली. मग सरावात ती फळीपर्यंत पोचेना. पुढे आणली, की स्पर्धेत परत फाऊल.

तिचे वडील चांगू मुंबईत गोदामात कामाला होते. गणपतीला घरी आले तेव्हा ते सरांना भेटून स्पष्टच बोलले होते. "सर, औंदा जिल्ह्यातून पुढं गेली तर पोरगी अकरावीला तुमच्याकडं म्हाडात ऱ्हाईल, खेळंल. नाय गेली तर दहावी झाली की मी घेऊन जाणार तिला. आमच्या चाळीत मैदान नाय, पण कामं भरपूर हायत. माझा शब्द हाय." श्रुतिकाची आई आवडी शेजारीच उभी होती. ती मुलीकडे बघत राहिली.

म्हणजे सगळं त्या फळीवर येऊन ठेपलं होतं.

अशा वेळी शाळेत निशिगंधा मॅडम आल्या. पोलादपूरच्याच, पुण्याला खेळाचं शिक्षण घेऊन आलेल्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. वय जेमतेम पंचविशीचं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "मुकादम सर, या मुलांना खेळाचं मानसशास्त्र थोडं शिकवतील. तुम्हाला मदतच होईल."

मदत करायला न बोलावता येणाऱ्या माणसांवर सरांचा मुळीच भरवसा नव्हता.

आठवडाभरात शिपाई सहदेव बातमी घेऊन आला. "सर, त्या म्याडम पोरांना झोपवतात."

"म्हणजे?"

"मागच्या शेडमध्ये. उताणं. पोटावर हात ठेवून. मी म्हटलं कोणाचं पोट बिघडलं काय. तर म्हणतात, श्वास शिकवतोय." सहदेव आवाज खाली आणून म्हणाला, "श्वास काय शिकवायचा, सर? माझी म्हातारी न शिकताच घेत्येय इतकी वर्षं."

सर हळूच शेडकडे गेले. जाळीच्या भिंतीतून आत पाहिलं. सहा-सात मुलं सतरंजीवर पडली होती. निशिगंधा मॅडम सांगत होत्या, "छाती नाही, पोट वर आलं पाहिजे. आत सावकाश घ्या. सोडताना त्याहून सावकाश. घाई सोडण्यातच होते." कोपऱ्यात श्रुतिका डोळे मिटून पडलेली. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती, की शर्यतीच्या घोड्याला कोणी अफू चारतंय असं सरांना वाटलं.

दुसरा संशय कागदांवरून आला. मॅडमनी प्रत्येक मुलाला विचारलं होतं, या हंगामात तुला काय करायचं आहे? गोळाफेक्या हृतिकने लिहिलं, ऑलिम्पिक. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असू दे. ते लांबचं. आता या महिन्यातलं सांग, आणि मग या शनिवारपर्यंतचं." शेवटी त्याने ठरवलं, की गोळा सोडताना डावा खांदा आधीच उघडतो, तो बंद ठेवायचा.

सरांनी श्रुतिकाला मैदानावर गाठलं. "तू काय ठरवलंस?"

"सर, मी आधी लिहिलं होतं, फाऊल करायचा नाही. मॅडम म्हणाल्या, नको ते लिहू नकोस, हवं ते लिही. मग मी लिहिलं, फळीवर पाय."

"आणि मेडल?"

श्रुतिका जमिनीकडे बघत म्हणाली, "ते माझ्या हातात नाय ना, सर. दुसरी लांब मारेल तर मी काय करणार? पाय माझ्याच हातात हाय." मग स्वतःच्याच वाक्याला फिसकन हसली. "म्हंजे पायात."

सर हसले नाहीत. ते तडक शिक्षकांच्या खोलीत गेले. "मॅडम, मी मुलांना पाच मीटर सांगतो, पहिला नंबर सांगतो. तुम्ही सांगता फळीवर पाय. हे ध्येय आहे, का रस्त्याच्या कडेने चालायचा नियम?"

"सर, नंबर असू देच," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "पण धावताना तिने नंबराचा विचार केला, तर पायाचा कोण करणार? ठरवलेली गोष्ट तिला स्वतःला करता आली पाहिजे आणि झाली की नाही हे लगेच दिसलं पाहिजे. फळीवर ते दिसतं. ते जमायला लागलं, की पुढची पायरी ठरवू. तीही तिनेच ठरवायची."

"तिने? दहावीतल्या पोरीने?"

"आपण ठरवलेलं ध्येय मुलं पाठ करतात, सर. स्वतः ठरवलेलं पाळतात."

बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच सरांना ते आवडलं नाही. पुण्याहून शिकून आलेली मुलगी तासाला थोडक्या मानधनावर महाडात येते, संध्याकाळी वेळ संपल्यावरही मैदानावर थांबते, मोबाइलवर श्रुतिकाच्या धावण्याचं चित्रण करते. कशासाठी? पुण्यात अकादम्या आहेत. चांगल्या मुलांवर डोळा ठेवून असतात. त्या रात्री जेवताना सर नसीबाभाभींना म्हणाले, "ही पोरगी पळवायला आलीय."

"कोणाची पोरगी?"

"माझी. श्रुतिका."

भाभींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. "तुमची म्हणता, आणि तिलाच एकदा विचारत नाही."

तालुक्याच्या स्पर्धेत सरांचा संशय खरा ठरला. निदान त्यांना तसं वाटलं.

हृतिक म्हणजे धिप्पाड, आळसावलेला मुलगा. गोळा हातात घेतला तरी जांभया देणारा. एरवी सरांची थाप बसली, मुलं ओरडली, की त्याच्या अंगात वारं शिरे. त्या दिवशी मॅडमनी त्याला बाजूला नेऊन बसवलं, सावकाश श्वास घ्यायला लावला. हृतिक इतका निवांत झाला, की वर्तुळात शिरला तो देवळात शिरल्यासारखा. पहिली फेक जवळच पडली. दुसरी त्याहून जवळ. दुसऱ्या शाळेच्या एका मुलाने मोठ्याने विचारलं, "काय रे, गोळा झोपला काय?"

सर दोरीपाशी गेले. "हृतिक! इकडे ये!" त्याला पाठमोरा केला आणि अशी थाप मारली, की प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आत्याने "अगो बाय!" केलं. हृतिकचे डोळे उघडले. तिसरा गोळा त्या दिवशीच्या सगळ्या खुणांच्या पुढे जाऊन पडला.

सर मॅडमकडे वळले. त्यांनी गोळ्याच्या खुणेकडे बोट दाखवलं.

श्रुतिकालाही त्यांनी थाप मारली. पहिल्या दोन उड्या फाऊल. तिसरीच्या वेळी सर पलीकडे हृतिकच्या निकालावर वाद घालत होते, म्हणून ती थापेविनाच धावली. उडी धरली गेली. ती दुसरी आली, जिल्ह्याला निवडली गेली. सरांनी हे बघितलं, पण मनात म्हटलं, नशीब.

दोन दिवसांनी निशिगंधा मॅडम सरांच्या घरी आल्या. भाभींनी चहा ठेवला. मॅडमनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"सर, हृतिकचं माझं चुकलं. मी सगळ्यांना एकच औषध दिलं. श्रुतिका स्पर्धेत आधीच तापलेली असते, तिला खाली आणायला हवं. हृतिक थंड असतो, त्याला वर न्यायला हवं. मी थंड्यालाच आणखी थंड केलं. आणि सवय नसताना ऐन स्पर्धेच्या दिवशी केलं, ती दुसरी चूक."

माफी मागणाऱ्या माणसाचा सरांना विशेष संशय येत असे. माफी मागून माणूस काय मागणार आहे, हे आधी बघावं लागतं.

"मग तुमचं ते शास्त्र खोटं?"

"शास्त्रातच हे लिहिलंय, सर. मीच घाई केली. अंगात जोर फार कमी असला तरी कामगिरी पडते, फार जास्त झाला तरी पडते. मधे कुठेतरी प्रत्येकाची आपली जागा असते. गोळाफेक्याची वर असू शकते, नेमकी पावलं टाकणाऱ्याची खाली. मुलांना मी चुलीवरून सांगितलंय. आच मंद आहे, मध्यम आहे का मोठी आहे, हे आधी स्वतःचं स्वतः ओळखायचं. तळहात ओले होतात का, तोंड कोरडं पडतं का, खांदे कानाशी जातात का. मग आच कमी करायची, नाहीतर वाढवायची. वाढवायलाही शिकवता येतं. पाय आपटायचे, भराभर श्वास घ्यायचे, स्वतःला एखादा शब्द द्यायचा. तुमची थाप तेच करते."

"माझी थाप?"

"हो. थाप चांगली आहे, सर. फक्त ती सगळ्यांसाठी नाही."

नसीबाभाभी दारातून म्हणाल्या, "भात सगळ्यांना चालतो. मिरची विचारून वाढतात." सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या आत गेल्या.

"तुमचा मोबाइल दाखवा," सर एकदम म्हणाले.

मॅडम गोंधळल्या, पण त्यांनी मोबाइल उघडून दिला. सरांनी एकेक चित्रण पाहिलं. श्रुतिकाचे पाय. फळी. परत पाय. चेहरासुद्धा नव्हता. थाप बसल्यावरच्या धावेत तिची शेवटची पावलं लांब आणि जोरकस पडत होती. सरावात ती आखूड, हलकी होती.

"हे पुण्याला पाठवलंत?"

"नाही, सर. हे तिला दाखवते. तिच्या आईला विचारूनच काढलंय."

"आणि यातलं काही पुसलंय का?"

निशिगंधा मॅडम हसल्या आणि चहाचा घोट घेतला. "तुम्हाला मी आवडणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, सर. चहा मात्र छान झालाय."

सरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पण अविश्वास दाखवायची त्यांची आपली एक रीत होती. ते स्वतः पडताळून पाहत. पुढचे काही दिवस सरावात ते श्रुतिकाला कधी थाप मारत, कधी मुद्दाम तिकडे पाठ करून सहदेवशी बोलत राहत. मग चालत फळीपाशी जाऊन ओल्या मातीवर वाकत. थापेनंतर बहुतेकदा ठसा असे. थाप नसली तर बहुतेकदा नसे. पण एकदा थाप नसतानाही ठसा उमटला. सरांनी तोच धरून ठेवला. "बघ सहदेव, तुझ्या म्याडमचं गणित."

"माझ्या कशाला, सर? मी तर शेडला कुलूपच लावणार होतो."

हृतिकचं मात्र सरळ होतं. आता तो वर्तुळामागे उभा राहून पाय आपटे, नाकाने फुसफुसे, स्वतःशी "घुमव, घुमव" म्हणे, आणि मग पाठ करून सरांपुढे उभा राही. "सर, आच मध्यम. मोठी करा." सर मनापासून करत.

जिल्ह्याच्या स्पर्धा अलिबागला होत्या. शाळेने भाड्याची गाडी केली होती. मैदानावर उतरल्यावर सरांना समोर जे दिसलं, त्याने त्यांचं डोकंच फिरलं. खड्ड्याच्या कडेला दोरीला लागून श्रुतिकाच्या वाडीचं मुंबई मंडळ उभं होतं. आठ-दहा माणसं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे भगवे टी-शर्ट. दोघांनी फ्लेक्स धरलेला. त्यावर श्रुतिकाचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला आणि वर लिहिलेलं: वाडीची शान, जिल्ह्याची सुवर्णकन्या. स्पर्धा अजून सुरू व्हायची होती. एकाच्या हातात ताशाही होता.

चांगू पुढे आले. "सर, पूर्ण मंडळ आणलंय. रातपाळी सोडून आलेत पोरं. ताकद कमी पडायची नाय."

"हा बोर्ड कोणी करायला सांगितला?"

"गोल्ड घेऊन येणार म्हटल्यावर बोर्ड नको? पोलादपूर स्टँडला पण लावलाय." चांगूंच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता, की सर तसेच पुढे निघाले.

श्रुतिकाने फ्लेक्स पाहिला. मग तिने कोणाकडेच पाहिलं नाही.

पहिली उडी. ताशा कडाडला. "श्रुतिका! श्रुतिका!" ती धावली. सरांना तिची पावलं बघताक्षणीच कळलं. लांब पडत होती. लाल झेंडा.

चांगू ओरडले, "टेन्शन नाय! अजून दोन हायत!"

दुसऱ्या उडीआधी निशिगंधा मॅडम दोरीपलीकडून काही सांगत होत्या. श्रुतिका मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. ती आपले तळहात चड्डीला पुसत होती. पुसून झाले की परत पुसत होती. उडी मारली. लाल झेंडा. ठसा एवढा खोल होता, की पंचांना माती परत सारवायला वेळ लागला.

आता एकच उरली होती. मधे पाच-सहा मुलींच्या उड्या व्हायच्या होत्या.

श्रुतिका चालत दोरीपाशी आली आणि सवयीने सरांपुढे पाठ करून उभी राहिली.

सरांचा हात वर गेला. कित्येक वर्षांचा तो हात होता. हाडात बसलेलं होतं ते. थाप नाही मारली आणि फाऊल गेला, तर हा चांगू उद्या म्हणेल, सरांनी पाठ फिरवली. थाप मारली आणि फाऊल गेला, तर म्हणेल, सरांनी होतं ते केलं. सरांना हेही कळत होतं, की थाप मारणं त्यांच्या स्वतःसाठी जास्त सोयीचं आहे. आणि पलीकडे ती पुण्याहून आलेली मुलगी एक शब्दही न बोलता त्यांच्या हाताकडे बघत होती. ती बोलत का नाही, याचाही त्यांना संशय आला.

श्रुतिकाचे खांदे कानाला टेकले होते.

सरांनी हात खाली आणून दोरी धरली. "आच किती?"

ती दचकून वळली. हा शब्द सरांच्या तोंडी तिने कधी ऐकला नव्हता. "मोठी, सर. उतू चाललंय सगळं."

"मग यात माझा हात कशाला घालायचा? तू तुझा श्वास सोड. तिथंच खाली बस. मी आलो."

सर दोरीच्या कडेकडेने मंडळापाशी गेले. ताशावाल्याने टिपरी उचललीच होती. सरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"चांगू, हे बंद."

"का? आम्ही जोर देतोय तिला."

"जोर तिच्याकडे आहे. जास्तच झालाय. तू आणखी ओतलास तर सांडेल."

"सर, तुम्हीच तर थापा मारता!" मंडळातला एकजण म्हणाला. "तेव्हा नाय सांडत?"

सर म्हणाले, "सांडतं. म्हणून आज मारली नाही."

चांगू त्यांच्याकडे बघत राहिले. मुंबईत गोदामात ओझी उचलणाऱ्या माणसाला जोर कमी पडतो हे माहीत होतं. जास्त होतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. "पण सर, पोरीला कळंल ना, बाप आलाय म्हणून?"

"तिला दिसतोयस तू. दिसतोयस म्हणूनच तर हात पुसतेय." मग सरांचा आवाज जरा खाली आला. "फ्लेक्स खाली ठेवा. उभे राहा. नुसतं बघा."

मंडळ कुरकुरलं. पण चांगूंनी स्वतः फ्लेक्सची काठी खाली घेतली आणि मुलीचा मोठा चेहरा गवतावर उताणा ठेवला. कोणी त्यावर पाय देऊ नये म्हणून शेजारी उभे राहिले.

श्रुतिका खाली बसली होती. पोट हळूहळू वर येत होतं आणि त्याहून हळू खाली जात होतं. तिच्या आधीच्या मुलीने लांब उडी मारली, टाळ्या पडल्या, तरी तिने मान वळवली नाही. नाव पुकारलं, तेव्हा ती उठली. सुरुवातीच्या खुणेवर पाय ठेवला. ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण सरांना ते ठाऊक होतं. तिने कागदावर लिहिलं होतं तेच: फळीवर पाय.

ती धावली. सरांनी पाठ वळवली. त्यांच्याच्याने बघवेना. पावलं कानांवर आली. आखूड, हलकी. मग फळीवरचा तो एकच कोरडा आवाज, मग वाळूचा. मग काहीच नाही.

"सर," निशिगंधा मॅडम म्हणाल्या, "वळा."

पांढरा झेंडा होता.

सरावातल्या तिच्या चांगल्या उड्यांइतकी ती लांब नव्हती. सरांनी टेपकडे संशयाने बघितलं, पंचांना परत मोजायला लावलं, आणि परत तेच आलं. श्रुतिका दुसरी आली. पहिल्या दोघी विभागाला जाणार होत्या.

मंडळाने आता ताशा वाजवायची परवानगी मागितली. सरांनी टिपरी परत दिली.

गदारोळ जरा शमल्यावर सर मॅडमपाशी जाऊन उभे राहिले. "तुमच्या श्वासाने झालं, का यांना गप्प केल्यामुळे झालं, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही."

"नाही, सर."

"एका उडीवरून मी काही मानत नाही."

"मानू नका. विभागापर्यंत वेळ आहे. तपासून बघू."

"हृतिकला मात्र तुम्ही झोपवायचं नाही."

"त्याला तुम्हीच उठवा, सर."

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. यात कुठे पुण्याची अकादमी लपली आहे का, हे ते अजूनही शोधत होते. मग एवढ्या दिवसांत न केलेली गोष्ट त्यांनी केली. सरळ श्रुतिकाला विचारलं. "मॅडम तुला पुण्याला चल म्हणतात का?"

"नाय हो, सर." श्रुतिका वाळू झटकत होती. "त्या तर म्हणाल्या, मुकादम सर सोडून दुसरा कोणी तुझी धाव एवढी बघणार नाही."

सर खाकरले आणि टेप गुंडाळायला लागले. ती नीट गुंडाळली जाईना.

चांगू फ्लेक्स काखेत मारून आले. "सर, दुसरी आली ना? पहिली का नाय?"

"पुढे जाते आहे की नाही?"

"जात्येय."

"मग तुझा शब्द?"

चांगूंनी मुलीकडे पाहिलं. ती दोन हातांनी पाण्याची बाटली धरून घटाघट पीत होती. तळहात कोरडे होते. "शब्द म्हंजे शब्द," चांगू म्हणाले. "पण आता विभागाला काय करायचं गो तुझं? गोल्ड ना?"

श्रुतिकाने सरांकडे पाहिलं. सरांच्या ओठांवर आकडा आला होता. त्यांनी तो गिळला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघायला लागले.

"बाबा, आधी कायतरी खायला द्या," ती म्हणाली. "मग सांगत्ये."

चांगूंनी मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. वाडीत रेंज नीट नव्हती, म्हणून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "आवडे! पोरगी ऱ्हाते गो म्हाडात!"

पलीकडून आवडी काहीतरी विचारत होती. चांगूंनी कान दाबून ऐकलं, आणि मोबाइल छातीशी धरून सरांना म्हणाले, "विचारत्येय, पडली-बिडली नाय ना कुठं?"

"सांग, वाळूतच पडली," सर म्हणाले.